अभंग तसाच, कथा मात्र तमिळ

कुंभकोणमच्या आसपास, कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या भातशेतीत तीन गावं आहेत: गोविंदपुरम, तिरुविसनल्लूर आणि मरुदानल्लूर. दक्षिणेत जी भजनाची पद्धत आज घरोघरी, लग्नाकार्यात, देवळांच्या मंडपात चालते, तिचे तीन आद्य गुरू या तीन गावांचे. गोविंदपुरमला बोधेंद्र स्वामींची समाधी, तिरुविसनल्लूरला श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूरला सद्गुरू स्वामी. भजन सुरू होतं ते तोडय मंगळाने, मग गुरूचं ध्यान, आणि त्यानंतर लगेच येतो गुरूचा अभंग. मराठीत! तोही सगळे मिळून म्हणतात, तोंडपाठ. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना मराठी येत नाही. त्यांच्या आज्यापणज्यांनाही येत नव्हती.

आता याच मुलखातली दुसरी गोष्ट बघा. महाराष्ट्रातलं कीर्तन इथे आलं, रुजलं आणि हरिकथा किंवा कथाकालक्षेपम या नावाने फोफावलं. पण ते सांगितलं जातं तमिळमध्ये. विनोद तमिळ, दाखले तमिळ, राग कर्नाटक. म्हणजे एकाच प्रदेशातून निघालेल्या, एकाच वाटेने आलेल्या आणि एकाच गावात उतरलेल्या दोन गोष्टींपैकी एक जशीच्या तशी ठेवली आणि दुसरीला पार तमिळ करून टाकलं. हे कोणी ठरवलं? कशावरून ठरवलं? आणि दोन्ही निर्णय बरोबर कसे निघाले?

भाषांतर करणाऱ्या प्रत्येकापुढे हाच पेच असतो. परक्या मजकुराला आपल्या मातीतला करायचा, की त्याचं परकेपण राखून वाचकालाच थोडं चालायला लावायचं? फ्रीडरिश श्लायरमाखर या जर्मन विचारवंताने २४ जून १८१३ रोजी बर्लिनमध्ये दिलेल्या व्याख्यानात हा पेच फार नेमका मांडला. एक तर लेखकाला त्याच्या जागी राहू द्या आणि वाचकाला त्याच्याकडे न्या, नाहीतर वाचकाला जागेवर राहू द्या आणि लेखकाला त्याच्याकडे आणा. आणि त्याने बजावलं की या दोन वाटांची सरमिसळ करू नका. अर्ध्यात इकडे, अर्ध्यात तिकडे केलंत, तर लेखक आणि वाचक यांची भेटच व्हायची नाही.

तो हे बोलत होता त्या वर्षी तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजी राजे होते. त्यांच्या छापखान्यातून १८०९ मध्येच इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापून बाहेर पडलं होतं. आणि कुंभकोणमच्या परिसरात, बर्लिनमध्ये जी सरमिसळ निषिद्ध ठरली होती, तीच लोक रोज संध्याकाळी टाळ वाजवून करत होते.

मराठी तिथे पोचली कशी हे आपल्याला ढोबळ माहीत असतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. कुंभकोणम त्याच राज्यातलं. राजांबरोबर कारकून आले, मोडी दफ्तरं आली, शिपाई आले, रामदासी मठ आले आणि मठांबरोबर कीर्तन आलं. राजदरबारची भाषा मराठी, विद्वानांची संस्कृत, गवयांची तेलुगू आणि गावाची तमिळ. एका दिवसात चार भाषा कानांवर पडणाऱ्या माणसाला परकं म्हणजे काय वाटत असेल, याची कल्पना करून बघा.

आधी भजनाकडे जाऊ. सद्गुरू स्वामींनी १८ व्या शतकाच्या अखेरीस आणि १९ व्याच्या आरंभी भजनाला जो क्रम लावून दिला, त्यात जयदेवाच्या संस्कृत अष्टपद्या आहेत, नारायणतीर्थांचे तरंग आहेत, भद्राचल रामदासांची तेलुगू पदं, पुरंदरदासांची कन्नड पदं, आणि आपले अभंग. पुढे तमिळ पदंही त्यात आली. यातलं एकही पद दुसऱ्या भाषेत भाषांतर करून घातलेलं नाही. एवढ्या भाषा एका माळेत आणि प्रत्येक मणी आपापल्या रंगाचा!

याचं कारण गोविंदपुरमच्या समाधीपाशी सापडतं. बोधेंद्रांचा सिद्धांत होता नामाचा: देवाचं नाव उच्चारलं की ते आपलं काम करतं, उच्चारणाऱ्याला त्याचा अर्थ कळो वा न कळो. एकदा हे मान्य केलं, की भाषांतराचा प्रश्नच उलटा होतो. एरवी आपण अर्थ वाचवतो आणि आवाज सोडून देतो. इथे आवाजच वाचवायचा आहे. अभंगाचं तमिळ केलं तर अर्थ पोचेल, पण ज्यासाठी तो म्हणायचा तो नादच हातून जाईल. शिवाय अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ अशी सही असते. ते शब्द त्या संताचे स्वतःचे आहेत. त्याच्या सहीखाली दुसऱ्याचे शब्द घालायचे कसे?

ठरलं, आवाज जपायचा. पण जपायचा कसा? इथे सगळी मौज आहे, आणि ती कागदावर बघायला मिळते. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. त, थ, द, ध यांनाही एकच. प, फ, ब, भ यांनाही एकच. तमिळ माणसाला याची अडचण होत नाही, कारण शब्दातल्या जागेवरून त्याला उच्चार कळतो. पण मराठीचं काय? पार, फार, बार, भार हे चार वेगळे शब्द तमिळ अक्षरांत लिहा: चारही हुबेहूब सारखे दिसतील. तार, थार, दार, धार: एकच. कार, खार, गार, घार: एकच. एका ओळीत असे तीन शब्द आले, तर वाचणाऱ्याने साठांहून अधिक शक्यतांतून निवड करायची, आणि तीही न येणाऱ्या भाषेत!

यावर गाण्याची पुस्तकं छापणाऱ्यांनी जो तोडगा काढला, तो इतका सोपा आहे की बघितल्यावर हसू फुटतं. अक्षराच्या बाजूला बारीक आकडा घालायचा. तमिळ ‘प’ला १ म्हणजे प, २ म्हणजे फ, ३ म्हणजे ब, ४ म्हणजे भ. आपल्या वर्णमालेतल्या वर्गाचा क्रमच आकड्यांनी सांगितला! पाणिनीच्या आधीपासून कंठ-तालू-ओठ अशी केलेली ती मांडणी, आणि तिचा उपयोग भजनाच्या पुस्तकात एवढा चोख. अनेक छापणारे १ गाळतात, कारण ज्याला आकडा नाही तो पहिला, हे वाचणाऱ्याला कळतं. ज, ष, स, ह यांच्यासाठी ग्रंथ लिपीतली जुनी अक्षरं तमिळने सांभाळून ठेवलीच होती. आणि ‘ळ’? तो तर तिथला घरचाच. हिंदीभाषकाला जो ‘ळ’ म्हणताना जीभ वळवावी लागते, तो तमिळ गायक सहज म्हणून जातो.

तरीही काही निसटतं. चोखामेळ्याच्या नावातला ‘च’ आपण चमच्यातल्या ‘च’सारखा म्हणतो, चहातल्यासारखा नाही. हा फरक आपण लहानपणी ऐकून शिकतो. देवनागरीतसुद्धा तो लिहिलेला नसतो. मग तमिळ अक्षरात आकडा घालून तो कुठून येणार? म्हणून तमिळ भजनात ‘चोखा’ बहुधा चहातल्या ‘च’ने येतो. ‘ज्ञानेश्वर’मधला ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’ म्हणतो, तिथे तो संस्कृत पाठशाळेतल्यासारखा उच्चारला जातो. एखादा ‘ठ’ ‘ट’ होतो, एखादा ‘भ’ ‘ब’ होतो. तुम्ही पुस्तक न बघता नुसतं ऐकलंत, तरी कुणी गुरूच्या तोंडून ऐकून शिकलं आहे आणि कुणी छापील पानावरून, हे या दोन-तीन व्यंजनांवरून ओळखता येतं. मला त्यात उणेपणा वाटत नाही. परकेपण राखायचं ठरवलं की किती राखता येतं, त्याची सीमारेषा त्या व्यंजनांनी आखून दाखवली आहे.

आता कीर्तनाकडे. इथला निर्णय उलटा का झाला?

तमिळ देशात पुराणकथा सांगण्याची परंपरा आधीपासून होती. पौराणिक बसून, समोर पोथी ठेवून सांगायचा. गाणं असलं तर थोडं. आणि मग आला मराठी कीर्तनकार: उभा, हातात चिपळ्या, मागे साथीदार, क्षणात गातो, क्षणात बोलतो, मध्येच पात्रांचे आवाज काढतो, डोळ्यांतून पाणी काढतो. तंजावरच्या लोकांना हे कीर्तनकार दरबारामुळे आणि मठांमुळे माहीत होतेच. १८६४ मध्ये ग्वाल्हेरकडून रामचंद्रबुवा मोरगावकर चातुर्मासासाठी तंजावरला आले आणि त्यांच्या कीर्तनांनी गावाला वेड लावलं. ते ऐकणाऱ्यांच्या पिढीतला एक तरुण म्हणजे तंजावर कृष्ण भागवतर. त्यांनी मराठी कीर्तनाचा सांगाडा उचलला आणि त्यावर तमिळ हरिकथेचं रूप उभं केलं. म्हणून त्यांना हरिकथेचे पितामह म्हणतात. त्यांच्यामागे मृदंगावर बसत नारायणस्वामी अप्पा, तंजावरचेच मराठी घराण्यातले.

कृष्ण भागवतरांनी काय बदललं आणि काय ठेवलं, हे थर उलगडून बघण्यासारखं आहे.

सगळ्यात वरचा थर निवेदनाचा. कथा सांगणं, चिमटे काढणं, समोरच्याला प्रश्न विचारणं. हे तमिळ झालं, आणि व्हायलाच हवं होतं. ज्याचा अर्थ तत्क्षणी कळला नाही त्या विनोदाला कोण हसणार? नामाचं काम अर्थाशिवाय चालतं, पण गोष्टीचं चालत नाही. सुदाम्याच्या पोह्यांच्या पुरचुंडीशी ऐकणाऱ्याचा जीव घोटाळला पाहिजे, तर ती त्याच्या स्वयंपाकघराच्या भाषेत सुटली पाहिजे.

दुसरा थर संगीताचा. तोही बहुतांशी कर्नाटक झाला. मराठी पदांच्या जागी त्यागराजांच्या कृती आल्या, कारण त्या त्या प्रसंगाला शोभतील अशा कृती तिथे विपुल होत्या आणि श्रोत्यांना पाठ होत्या. पण पूर्णपणे नाही. उत्तरेकडचे काही राग कीर्तनाच्या संगतीने आले आणि राहिले; सिंधुभैरवी आज कर्नाटक मैफलीच्या शेवटी इतक्या आपलेपणाने येते की ती पाहुणी होती हे सांगूनही खरं वाटत नाही.

आणि मग तिसरा थर, ज्यापाशी मी थबकतो. साकी, दिंडी, ओवी, अभंग, आर्या, पंचचामर: कीर्तनात मध्ये मध्ये येणाऱ्या या पद्यबंधांतले कितीतरी तमिळ हरिकथेत गेले, आणि आपापल्या नावांसकट, ठरलेल्या चालींसकट गेले. शब्द मात्र बदलले. साकीच्या साच्यात संस्कृत ओतलं, तमिळ ओतलं. म्हणजे इथे भाषा स्वदेशी आणि छंद परदेशी! जो थर भाषांतरात सगळ्यात आधी गळून पडतो असं आपण धरून चालतो, तोच टिकला. कसा काय?

साकी उघडून बघू. साकीच्या ओळीत २८ मात्रा असतात: आधी १६, मग थांबा, मग १२. मात्रा म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घाच्या दोन. उदाहरणासाठी एक ओळ मीच बांधतो: ‘कुंभकोणमी कावेरीच्या, तीरावरती गाणे’. मोजा. कुं २, भ १, को २, ण १, मी २: झाल्या ८. का, वे, री, च्या प्रत्येकी २: आणखी ८. सोळा पुरे. मग ती २, रा २, व १, र १, ती २, गा २, णे २: बारा. साकी तयार. आता बघा, यात मराठीपणाचा कुठे संबंध आला? साकीला अक्षरं किती याच्याशी देणंघेणं नाही, शब्द कोणता याच्याशीही नाही. ती फक्त काळ मोजते. आणि तमिळमध्येही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद काटेकोर आहे. देवळाला तमिळमध्ये कोविल म्हणतात: चार मात्रा. अम्मा: चार मात्रा. असे चार-चारचे तुकडे त्या भाषेत हवे तेवढे मिळतात. साकीचा साचा रिकामा करून तमिळने भरला, तरी तो कुठे तडकत नाही.

दिंडी तशीच, ओळीत १९ मात्रांची. पण अभंग? त्याची मोजणी अक्षरांची: मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार. अक्षरं मोजणारा छंदसुद्धा उचलता आला असता. तरी अभंगाच्या बाबतीत लोकांनी बहुतेक वेळा शब्दच ठेवले, कारण तिथे मोल साच्याचं नव्हतं, त्या शब्दांचं होतं. पाण्याने भरलेला हंडा आणि तीर्थाने भरलेली तांब्याची लोटी घरात शेजारी ठेवलेली असते, पण रिकामी करून पुन्हा भरायची वेळ आली की कुणाचाही हात हंड्याकडेच जातो.

साकी-दिंडीला कथेत काम काय, हेही कळलं पाहिजे, नाहीतर ती ठेवण्याची गरज कळणार नाही. कृती किंवा पद सुरू झालं की कथा थांबते. गायक एका भावात रमतो, आलाप घेतो. निवेदन सुरू झालं की कथा धावते, पण संगीत थांबतं. यांच्यामध्ये काहीतरी हवं: गातागाता गोष्ट पुढे नेणारं. दूत निघाला, नदी ओलांडली, राजवाड्याच्या दारात पोचला. एवढं दोन साक्यांत होऊन जातं, ताल न मोडता. तमिळमध्ये विरुत्तम, सिंदु, कण्णी असे पद्यबंध होतेच आणि हरिकथेत तेही आले. पण कीर्तनाची गती ज्या बिजागऱ्यांवर फिरते, त्या बिजागऱ्या काढून सांगाडा उचलता आला नसता. कृष्ण भागवतरांनी ते ओळखलं. पुढच्या काळात अनेक भागवतरांनी साकी-दिंडी कमी केल्या आणि कृती वाढवल्या. परिणाम कानाला कळतो: मैफल भरगच्च होते, पण कथा थांबत थांबत चालते.

चिपळ्यांचंही असंच झालं. वस्तू आली तशी तिचं नावही आलं. तमिळ लोक तिला चिप्लाकट्टै म्हणतात, म्हणजे परक्या नावाला शेवटी ‘लाकूड’ जोडून टाकलं. नावही राहिलं आणि ऐकणाऱ्याला वस्तू कशाची आहे तेही कळलं.

मग श्लायरमाखरचा इशारा खोटा ठरला का? एका थरावर परकं आणि दुसऱ्यावर घरचं, अशी सरमिसळ करून लेखक आणि श्रोता यांची भेट चुकायला हवी होती. ती का चुकली नाही?

याचं उत्तर हरिकथेच्या काळात आहे, म्हणजे ती घडण्याच्या दोन-तीन तासांत. भागवतर मराठी अभंग घेतो तेव्हा काय करतो, ते पावलागणिक बघा. आधी तो अभंगाची ओळ गातो. श्रोत्याला नाद कळला, अर्थ नाही. मग तो थांबतो आणि तमिळमध्ये सांगतो, संत काय म्हणाला. मग त्याच अर्थाचा एखादा संस्कृत श्लोक किंवा तमिळ संतांचं वचन. मग रोजच्या जगण्यातला एक दाखला. आणि मग परत तीच मराठी ओळ. आता तीच ओळ कानावर पडते आणि कळते! पहिल्यांदा ती परकी होती, दुसऱ्यांदा ती परकी राहूनच आपली झाली. मराठी कीर्तनातही मूळ पद पूर्वरंगात गाऊन, निरूपण करून, पुन्हा त्यावर यायची रीत आहेच. परभाषेत आल्यावर तीच रीत भाषांतराचं यंत्र बनली. श्लायरमाखर छापील पुस्तकाचा विचार करत होता. छापील पानाला एकदाच बोलता येतं. त्याला तळटीप देता येते, पण तळटीप वाचून कुणाच्या अंगावर रोमांच येत नाहीत. भागवतराला तीच ओळ दोनदा म्हणता येते, आणि दोन वेळांच्या मधल्या दहा मिनिटांत तो श्रोत्याला पंढरपूरला नेऊन आणतो.

महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ चा. त्यातल्या कथा तमिळमध्ये इतक्या मुरल्या की गोरा कुंभार, चोखामेळा ही नावं तिथल्या आज्यांच्या तोंडी सहज असतात. पंढरपूरचं श्रीरंगम कुणी केलं नाही. कुंभकोणममध्ये शार्ङ्गपाणीचं एवढं मोठं देऊळ समोर असताना विठ्ठलाला शार्ङ्गपाणी करणं किती सोपं होतं! पण गोरा कुंभार पंढरीलाच जातो. १९३८ मध्ये तमिळमध्ये तुकारामांवर चित्रपट निघाला, त्यात मुसिरी सुब्रह्मण्य अय्यर हे नामांकित कर्नाटक गायक तुकाराम झाले. देहू तीच, इंद्रायणी तीच, गळा मात्र कावेरीकाठचा.

उलट दिशेचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते फार धाडसी आहे. तमिळमध्ये कुरवंजी नावाचा नृत्यनाट्याचा प्रकार आहे. डोंगरात राहणारी एक कुरत्ती, म्हणजे भविष्य सांगणारी बाई येते, विरहिणीचा हात बघते आणि आपल्या डोंगराचं, झऱ्यांचं, गावांचं वर्णन करते. सरफोजी राजांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’मध्ये हीच बाई मराठी बोलते, आणि ती इंद्राणीला जे वर्णन ऐकवते ते जगाच्या भूगोलाचं आहे! साचा तमिळ, भाषा मराठी, मजकूर युरोपातून आलेल्या नव्या विद्येचा. आणि साचा निवडला तो किती नेमका: ज्या प्रकारात भूगोल सांगणं हे पात्राचं कामच आहे, त्यातच पृथ्वीचा नकाशा भरला. डोंगर सांगणाऱ्या बाईला फक्त आणखी लांबचे डोंगर सांगायला लावले.

परकेपण कधी राखायचं आणि कधी मोडायचं, हा फरक मराठी वाचकाला पु. ल. देशपांड्यांच्या दोन पुस्तकांत दिसेल. हेमिंग्वेच्या कादंबरीचं त्यांनी ‘एका कोळियाने’ केलं तेव्हा समुद्र क्युबाचाच राहिला. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ केलं तेव्हा सगळं उचलून मराठी केलं, कारण ते नाटकच बोलीतल्या उच्चनीचतेवर उभं आहे. लंडनच्या बोलीतला भेद मराठी कानाला ऐकूच येणार नाही, तर नाटक उरेल कुठे? माणूस एकच, निर्णय दोन, आणि दोन्ही मजकुराच्या पोटातून आलेले.

आता कुंभकोणमने मराठी भाषांतरकारापुढे ठेवलेला सगळ्यात अवघड प्रश्न. ति. जानकीरामन यांची ‘मोगमुळ्’ ही १९५० च्या दशकातली कादंबरी कुंभकोणममध्ये घडते. बाबू नावाचा मुलगा तिथे कॉलेजात शिकतो, रंगण्णांकडे गाणं शिकतो आणि आपल्याहून दहा वर्षांनी मोठ्या यमुनेत गुंततो. यमुनेचे वडील तमिळ ब्राह्मण, आई तंजावरची मराठी. त्या मिश्र जन्मामुळेच तिचं लग्न जुळत नाही. तमिळ वाचकाला ते मराठी घर थोडं वेगळं, थोडं दूरचं वाटतं. लेखकाने मुद्दाम घातलेला परकेपणा तो हाच.

ही कादंबरी मराठीत आणायची, तर काय होतं बघा. तमिळ वाचकाला जे परकं, तेच मराठी वाचकाला आपलं. भागवतर, मृदंग, अग्रहार हे सगळं परकं राहील, आणि ज्या घराने परकं वाटायचं, ते मराठी घर पानावर आलं की वाचक म्हणेल, अरे, ही तर आपली माणसं! मूळच्या ओळी प्रामाणिकपणे मराठीत उतरवल्या तरी कादंबरीचा काटा बोथट होणार. आणि तो बोथट झाला की यमुनेच्या वाट्याला आलेलं एकाकीपणही समजत नाही.

तोडगा आहे, आणि तो तंजावरातच आहे. तिथल्या मराठी कुटुंबांची बोली तीन शतकं महाराष्ट्रापासून दूर वाढली. तिने जुनी रूपं जपली आणि तमिळ शब्द पोटात घेतले. यमुनेच्या आईच्या तोंडी पुण्याची मराठी न घालता ती तंजावरी मराठी घाला. बाकीचं निवेदन सरळ, आजच्या मराठीत. मग आई बोलू लागली की मराठी वाचकाला शब्द कळतील पण कान टवकारतील: ही आपलीच भाषा, पण आपल्याकडची नाही. तमिळ वाचकाला त्या घराच्या उंबरठ्यावर जे अंतर जाणवतं, ते असं मराठीतही मोजून तेवढंच ठेवता येईल. त्यासाठी भाषांतरकाराला आधी तंजावरला जाऊन त्या बोलीत बोलणारी म्हातारी माणसं ऐकावी लागतील. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या हस्तलिखितांची मराठी जुनी आहे, दरबारी आहे, आणि स्वयंपाकघरात बसलेल्या बाईच्या तोंडी ती शोभणार नाही.